दोन वर्षांपुरती गाडी: सबस्क्रिप्शन, लीज की सरळ विकत?

"राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. बायकोला पाचवा महिना आहे, त्यामुळे गाडी आता हवीच. पण साधारण दोन वर्षांनी कंपनी जर्मनीला पाठवेल अशी बरीच शक्यता आहे. सबस्क्रिप्शनवाला म्हणतो महिना साडेपंचवीस हजार, इन्शुरन्स-सर्व्हिस सगळं धरून, वर्षाला १०,००० किमी, आणि पुढे मोठी गाडी हवी झाली तर बदलून देऊ. मित्र म्हणतो लीज घे, वडील म्हणतात स्वतःची घे. काय करू?"

आधी एक फोन करा आणि साडेपंचवीस हजारांत जीएसटी धरलाय का ते विचारा. गाडी भाड्याने देण्यावर जीएसटीचा दर त्या गाडीच्या विक्रीवर असतो तोच लागतो. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाडीवर, म्हणजे चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतच्या इंजिनाची, तो १८ टक्के आहे. कर वेगळा असेल तर तुमचे साडेपंचवीस हजार प्रत्यक्षात ३०,०९० होतात आणि पुढचं सगळं गणित फिरतं. मी खाली कर धरूनच २५,५०० समजून चाललो आहे.

मी लीज कंपन्यांसाठी परत आलेल्या गाड्या तपासतो आणि त्यांची किंमत लावतो. करार शेवटच्या दिवसापासून मागे वाचायची सवय त्यातूनच लागली. तुमच्याही बाबतीत तसंच करू. गाडी तुमच्याकडे किती महिने राहणार, यावर बाकीचं ठरेल.

समजा, तुम्ही बघताय ती गाडी ठाण्यात ऑन-रोड १० लाखांना पडते. एक्स-शोरूम साधारण ८.६ लाख, त्यावर पेट्रोलचा ११ टक्के रोड टॅक्स, पहिला विमा आणि किरकोळ खर्च. दोन लाख स्वतःचे भरले आणि आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण १६,६०० बसतो. इथेच लोक फसतात. १६,६०० विरुद्ध २५,५०० अशी तुलना करतात आणि सबस्क्रिप्शन महाग म्हणून मोकळे होतात. हप्ता हा तुमचा खर्च नाहीच. खर्च म्हणजे गाडीची उतरलेली किंमत, बँकेला गेलेलं व्याज, विमा, सर्व्हिसिंग, अडकलेल्या दोन लाखांवरचं बुडालेलं व्याज, आणि मधेच कर्ज मिटवलं तर बँक घेते तो आकार.

दोन वर्षांनी ती गाडी साडेसहा लाखांना गेली असं धरा. साडेतीन लाख किंमत उतरली. व्याज १ लाख २१ हजारांच्या आसपास. दुसऱ्या वर्षाचा विमा १८ हजार, दोन वर्षांची सर्व्हिसिंग १५ हजार, स्वतःच्या दोन लाखांवरचं व्याज २८ हजार. त्या वेळी सव्वापाच लाखांच्या आसपास कर्ज शिल्लक असेल. ते आधी फेडण्याचा आकार ४ टक्के धरला तर २१ हजार. सगळं मिळून साडेपाच लाख, म्हणजे महिना २३ हजार. सबस्क्रिप्शनचे चोवीस महिन्यांचे होतात ६ लाख १२ हजार. फरक साठ हजारांचा. पेट्रोल, टोल, पार्किंग दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते धरलं नाही.

आता हेच गणित बारा महिन्यांचं करा. पहिल्या वर्षी किंमत सगळ्यात जोरात उतरते, कारण भरलेला रोड टॅक्स आणि विमा पुढचा गिऱ्हाईक वेगळा मोजून देत नाही. बारा महिन्यांनी ७.४ लाख आले, तर व्याज, मुदतपूर्व फेडीचा आकार वगैरे धरून खर्च ३ लाख ७२ हजारांवर जातो, म्हणजे महिना ३१ हजार. एका वर्षाच्या सबस्क्रिप्शनचा दर अर्थातच जास्त असतो. तो २८,५०० धरला तरी ३ लाख ४२ हजारांत सुटका होते. उलट चार वर्षं गाडी ठेवली आणि पाच लाखांना विकली, तर टायर-बॅटरी आणि चौथ्या वर्षीचा थर्ड पार्टी विमा धरूनही स्वतःच्या गाडीचा खर्च महिना साडेअठरा हजारांच्या आत राहतो. तेवढ्याच काळाचं सबस्क्रिप्शन २२,५०० ला मिळालं, तरी तुम्ही दोन लाख जास्त देता.

तर वर्षभरासाठी सबस्क्रिप्शन स्वस्त, दोन वर्षांना जवळजवळ बरोबरी, त्यापुढे विकत घेणं उघड फायद्याचं. आता चुकीची किंमत बघा. गाडी विकत घेतली आणि वर्षातच जर्मनीचं बोलावणं आलं, तर तोटा तीस हजारांचा. सबस्क्रिप्शन घेतलं आणि जर्मनी बारगळलं, तर चार वर्षांत तोटा दोन लाखांचा. 'बरीच शक्यता आहे' या जोरावर सबस्क्रिप्शन घ्यायला मी म्हणूनच कचरतो. कंपनीचं पत्र हातात असेल, तर गोष्ट वेगळी.

तरी साठ हजारांचा फरक सोसून काही लोक सबस्क्रिप्शन घेतात, आणि ते मूर्ख नसतात. परदेशी जाण्याआधीच्या महिन्यात गाडी विकणं म्हणजे कर्जाचा बोजा उतरवायला बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५, मग नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गिऱ्हाइकाची घासाघीस, आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत येणारी ई-चलनं तुमच्याच मोबाइलवर. साडेसहा लाख हा माझा अंदाज आहे. घाईत विकणाऱ्याला सहाच मिळाले, तर बरोबरी झालीच. शिवाय घराच्या कर्जाचा विचार असेल तर गाडीचा हप्ता तुमची पात्रता खातो, हेही लक्षात घ्या.

मित्राची लीज दोन तऱ्हेची असू शकते. कंपनीमार्फत मिळणारी लीज असेल, तर भाडं करपात्र पगाराच्या आधी वजा होतं आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ती खरोखर स्वस्त पडते. किती, ते पेरोलकडून लेखी घ्या, कारण या सवलतीचं मूल्य इंजिन १.६ लिटरच्या आत की बाहेर यावर ठरतं आणि नियम बदलत असतात. पण ही लीज तीन ते पाच वर्षांची असते आणि नोकरीला बांधलेली असते. मधेच निघालात तर उरलेल्या भाड्याचा मोठा भाग किंवा गाडीची ठरीव शिल्लक किंमत भरून ती स्वतःकडे घ्यावी लागते. जर्मनीला त्याच कंपनीच्या दुसऱ्या संस्थेच्या पगारावर गेलात, तरी भारतातली लीज संपलीच. दुसरी तऱ्हा म्हणजे व्यक्तीला थेट दिलेली लीज. तिच्यात करबचत नाही आणि मुदत लांब. तुमच्यासाठी लीज या दोन्ही रूपांत बाद.

आता करारातल्या गोष्टी, किलोमीटरपासून.

१०,००० किमी ऐकायला भरपूर वाटतात. तुमचे मोजू. कासारवडवली ते ऐरोली वीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन चाळीस, आठवड्यातून तीन दिवस, वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ५,७६०. सासर-माहेर कल्याणला असेल तर महिन्यातून दोन फेऱ्यांचे वर्षाला १,२००. गाव कोकणात, समजा चिपळूणला असेल, तर गणपती, शिमगा आणि मे महिना मिळून तीन फेऱ्या. एक फेरी जाऊन-येऊन पाचशेची, आणि गावात पोचल्यावर गाडी उभी राहत नाही, आत्याकडे, देवळात, बाजारात असे शंभर वेगळे. म्हणजे १,८००. घोडबंदरवरची रोजची कामं, डॉक्टर, किराणा, मॉल, वर्षाला दीड हजार. पुण्याच्या दोन फेऱ्या ६००. एकूण १०,८६०. मर्यादा ८६० ने ओलांडली.

विक्रेता लगेच १५,००० ची योजना पुढे करतो. महिन्याला दीड हजार जास्त, म्हणजे वर्षाला १८,०००. पण जादा किलोमीटरला करारात ८ रुपये असतील, तर तुमचे ८६० किमी ६,८८० रुपयांत बसतात, वर कर. १८ हजारांना ८ ने भागा. २,२५० येतात. म्हणजे वर्षाला १२,२५० च्या वर जाणार असाल तरच वरची योजना परवडते. न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे कुणी परत देत नाही, हेही त्यात आलं. तुमच्या करारात दर ८ नसून १२ असेल तर सीमारेषा ११,५०० वर येते. भागाकार तुमच्या आकड्यांनी करा, विक्रेत्याच्या कोष्टकाने नको.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिशेब कधी होतो. काही करारांत मर्यादा वर्षाची किंवा पूर्ण मुदतीची, काहींत महिन्याची असते. महिन्याची असेल तर १०,००० म्हणजे दरमहा ८३३. गणपतीच्या महिन्यात तुमचे ऑफिसचे ४८०, चिपळूणचे ६००, कल्याणचे शंभर आणि इकडचे-तिकडचे सव्वाशे असे तेराशे होतील, आणि त्या एका महिन्यात पावणेचार हजार जादा लागतील, जरी पावसाळ्यात घरून काम करून जुलैत चारशेच चालले असतील. म्हणून पूर्ण मुदतीचा एकत्रित हिशेब लिहून घ्या. गाव कोकणात असलेल्या माणसाला हे कलम भाड्यातल्या पाचशे रुपयांच्या सवलतीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

किलोमीटर कशावरून मोजणार, तेही वाचा. ओडोमीटरवरून की गाडीत बसवलेल्या जीपीएसवरून? दोन्हींत थोडा फरक पडतो, वाद झाला की करारातलं साधन चालतं. गाडी ताब्यात घेताना ओडोमीटरचा फोटो काढा आणि तो आकडा ताबा-पत्रावर लिहायला लावा. गोदामातून ठाण्यापर्यंत चालवत आणलेल्या गाडीचे किलोमीटर तुमच्या खात्यात पडायचं कारण नाही.

इन्शुरन्स 'सगळा धरून' म्हणजे काय, हा माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात जड भाग. पॉलिसी असते, यात शंका नाही. प्रश्न ती कुणाच्या नावावर आहे आणि करार तिच्यावर काय चढवतो, हा आहे.

आधी पाटी बघा. पांढऱ्या पाटीची सबस्क्रिप्शन गाडी बहुतेक वेळा तुमच्याच नावावर नोंदवतात आणि आरसीवर कंपनीचा बोजा चढवतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील, तर ती भाड्याने चालवायला दिलेली गाडी आहे आणि मालक कंपनी आहे. मालक कंपनी असेल, तर मालक-चालकाला मिळणारं १५ लाखांचं सक्तीचं व्यक्तिगत अपघात संरक्षण तुम्हाला लागू होत नाही, कारण कायद्याने मालक तुम्ही नाही. गाडीचा दरवाजा बदलून मिळेल, चालवणाऱ्याच्या जिवाचं काय, हे कुणी सांगत नाही. अशा वेळी स्वतःची वेगळी व्यक्तिगत अपघात पॉलिसी घ्या. बाळ येणार आहे, ही टाळू नका. काळ्या पाटीच्या गाडीने गोव्याला जाणार असाल, तर परमिटचा कागद गाडीत आहे का हेही आधी पाहा.

पाटीवरचा नंबरही पाहा. एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे वाशी. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर गाडी नोंदवायची तर रोड टॅक्स २० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून दुसऱ्या राज्यात नोंदवलेली गाडी इथे देण्याचा मोह कंपन्यांना होतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिची इथे पुन्हा नोंदणी व्हायला हवी. तुमची मुदत दोन वर्षांची आहे. तो टॅक्स कोण भरणार आणि रस्त्यात गाडी अडवली तर धावाधाव कोण करणार, हे करारात नसेल तर बाहेरच्या नंबरची गाडी घेऊ नका.

आता क्लेम. पॉलिसीतली सक्तीची कपात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला फक्त १,००० रुपये असते. पण सबस्क्रिप्शनच्या करारात वेगळी ओळ असते: प्रत्येक घटनेला पहिले पाच किंवा दहा हजार ग्राहकाचे. या दोन गोष्टी एक नाहीत. पॉलिसीत झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता पैसे देणारी जोड, असली तरी करारातले दहा हजार तुम्हाला द्यावेच लागतात. आपल्या इथे सोसायटीच्या खांबाला बंपर घासणं ही वर्षातून एक-दोनदा घडणारी गोष्ट आहे, तेव्हा हा आकडा भाड्याइतकाच महत्त्वाचा.

घोडबंदर रोडसाठी दोन गोष्टी खास विचारा. खड्ड्यात टायरच्या बाजूला फुगा आला, तर साध्या पॉलिसीत टायरचे पैसे मिळत नाहीत. त्याच वेळी गाडीलाही मार लागला असेल तरच मिळतात, तेही निम्मे. 'टायर समाविष्ट' याचा करारातला अर्थ सहसा झिजलेला टायर असाच असतो, फाटलेला नव्हे. दुसरी गोष्ट पाण्याची. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी कुणी पुन्हा स्टार्टर मारून सुरू करायला गेला आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड लागते. जोड नसेल, तर सबस्क्रिप्शन कंपनी त्याला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणते आणि बिल लाखाच्या घरात जातं. पॉलिसीची प्रत मागा, माहितीपत्रक नको. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे साहेब' हे उत्तर ऐकून उठू नका.

गाडी कोण चालवू शकतं, तेही बघून ठेवा. विमा कंपनीला वैध लायसन्स असलेला आणि मालकाची परवानगी असलेला कुणीही चालतो. करारात मात्र नावं लिहिलेली असू शकतात. बाळंतपणात रात्री गाडी तुमचे वडील किंवा मेहुणा काढणार असेल, तर त्यांची नावं आधीच घाला.

जुनी गाडी विकून हे करत असाल, तर तिच्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. ते तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतं. सबस्क्रिप्शनच्या गाडीवर तुम्ही दोन वर्षं एकही क्लेम केला नाही, तरी कंपनीच्या नावावरच्या पॉलिसीत त्याचा बोनस तुमचा होत नाही. पाच वर्षांची ५० टक्क्यांची सवलत विसरून घालवणारे कितीतरी लोक मी पाहतो.

आता 'मोठी गाडी हवी झाली तर बदलून देऊ'. जाहिरातीत हे कपडे बदलण्याइतकं सोपं दिसतं. प्रत्यक्षात गाडी बदलण्याचा अर्थ पाटीच्या रंगावर ठरतो. पांढऱ्या पाटीची, तुमच्या नावावर नोंदलेली गाडी असेल, तर नव्या गाडीवर नवा रोड टॅक्स, नवी नोंदणी, नवा विमा. म्हणून ते बदलणं नसतंच. जुना करार बंद करून नवा सुरू करायचा असतो, आणि बंद करण्याचा आकार लागतो. काळ्या पाटीच्या ताफ्यात खरी अदलाबदल होऊ शकते, पण त्या वेळी त्यांच्या यार्डात जी असेल ती गाडी मिळते, बहुधा वापरलेली. तुमच्या मनात असलेलं मॉडेल नव्हे.

बदलताना चार ठिकाणी पैसे जातात. एक बदल-शुल्क. दुसरा भाड्यातला फरक, आणि मोठी गाडी चार मीटरच्या वर किंवा १२०० सीसीच्या वर गेली तर भाड्यावरचा जीएसटी १८ वरून ४० टक्क्यांवर जातो. हे ऐकून बहुतेक लोक थबकतात. तिसरं, जुनी गाडी परत घेताना पूर्ण तपासणी होते आणि दोन वर्षांनी भरायचे ओरखड्यांचे पैसे वर्षभरातच भरावे लागतात. चौथं सगळ्यात बोचणारं: लॉक-इन, म्हणजे करार सोडता न येण्याचा काळ, नव्याने सुरू होतं. तुम्ही बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर, म्हणजे करार सुरू झाल्यापासून साधारण वर्षाने, गाडी बदललीत आणि नवं लॉक-इन बारा महिन्यांचं असेल, तर चोविसाव्या महिन्याआधी हलता येणार नाही. जर्मनीचं तिकीट विसाव्या महिन्याचं आलं, तर चार महिन्यांचं भाडं हवेत.

आकडे लावून बघा. छोट्या आणि जरा मोठ्या गाडीच्या भाड्यात पाच हजारांचा फरक धरला, तर पहिलं वर्ष छोटी चालवून तुम्ही साठ हजार वाचवता. त्यातून बदल-शुल्क पाच हजार, तपासणीचे दहा-पंधरा हजार गेले तरी चाळीस हजार हातात राहतात. पण चार महिन्यांचं भाडं अंगावर आलं, तर लाखावर जातं. बदलायचंच असेल, तर आधीच्या करारातले गेलेले महिने नव्या लॉक-इनमध्ये मोजले जातील आणि उरलेले किलोमीटर पुढे येतील, या दोन ओळी लेखी मागा. मिळाल्या नाहीत, तर बदलण्याची सोय नाहीच असं समजून गाडी निवडा. आणि खरं सांगू, एका बाळासाठी मोठी गाडी लागत नाही. बाळाची सीट अडकवायला आयसोफिक्सचे हूक असलेली मागची सीट आणि घडी घातलेली बाबागाडी बसेल एवढी डिकी हवी. शोरूममध्ये जाताना बाबागाडी सोबत न्या आणि डिकीत ठेवून बघा.

मुदत किती घ्यावी, असा प्रश्न उरतो. अनेकजण भीतीपोटी बारा महिन्यांची घेतात. समजा तुमच्या करारात लॉक-इननंतर मधेच सोडण्याचा दंड दोन महिन्यांचं भाडं आहे. चोवीस महिन्यांच्या दराने घेऊन पंधराव्या महिन्यात सोडलीत, तर दंडासह महिन्याला २८,९०० पडले. बारा महिन्यांचा करार घेऊन पुढे तीन महिने वाढवला असता, तर २८,५०० पडले असते. म्हणजे चुकलात तरी तोटा नगण्य, आणि पूर्ण चोवीस महिने राहिलात तर महिना तीन हजार वाचले. मात्र काही करारांत दंड म्हणून उरलेल्या सगळ्या महिन्यांच्या भाड्याचा काही टक्के भाग असतो. तिथे हे गणित उलटं फिरतं, म्हणून आधी ते कलम शोधा.

परत करताना काय होतं, ते माझ्या रोजच्या कामाचं. तपासणारा माणूस पॅनेल मोजतो: बंपर, फेंडर, दरवाजे, बॉनेट, डिकी. कपड्याने निघणारी खूण सोडतो, नखाला लागणारा ओरखडा मांडतो, आणि प्रत्येक पॅनेलचा दर करारात छापलेला असतो. पॅनेलला सहा हजार असतील आणि तीन पॅनेलला खुणा असतील, तर अठरा हजार डिपॉझिटमधून गेले. दुसरी किल्ली नसणं, जॅक-पाना नसणं, सर्व्हिसची नोंद चुकलेली असणं, अलॉयच्या कडा घासलेल्या असणं यांचे वेगळे. शेवटच्या आठवड्यात सगळे ओरखडे एका क्लेममध्ये घालू, असं होत नाही. वेगवेगळ्या वेळी झालेल्या नुकसानाला विमा कंपनी वेगवेगळे क्लेम मागते आणि प्रत्येकाला करारातली कपात लागते. म्हणून मोठं काही लागलं, तर त्याच आठवड्यात कळवा. 'नॉर्मल वापराची झीज' म्हणजे काय याचं चित्रांसह पत्रक चांगल्या कंपन्या देतात. देत नसतील तर ताब्याच्या दिवशी सोसायटीतल्या उजेडात गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, छप्पर आणि चाकांसकट, आणि तो लगेच त्यांच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण तीन वर्षं जुनी, एका मालकाची गाडी सहा लाखांना घेऊन दोन वर्षांनी ४ लाख ६० हजारांना विकली, तर विमा, दुरुस्ती आणि अडकलेल्या पैशाचं व्याज धरूनही महिना तेरा हजारांच्या आत खर्च येतो. सबस्क्रिप्शनच्या निम्मा. पैसे हाताशी असतील आणि गाडी तपासून देणारा भरवशाचा मेकॅनिक असेल, तर तुमच्या जागी मी हेच केलं असतं.

ते नको असेल तर माझा क्रम असा. जर्मनीचं पत्र हातात असेल, तर चोवीस महिन्यांचं सबस्क्रिप्शन, दहा हजार किमीचं, पूर्ण मुदतीच्या हिशेबाचं, इंजिन प्रोटेक्शनसह, ठाण्याच्या किंवा वाशीच्या नंबरचं. पत्र नसेल, तर वडिलांचं ऐका आणि कर्ज फ्लोटिंग दराचं मिळतंय का बघा, कारण मुदतपूर्व फेडीचा आकार अशा कर्जावर लागत नाही आणि वर धरलेले २१ हजार वाचतात. कराराची प्रत सही करण्याआधी दोन दिवस घरी ठेवायला मागा. देत नसतील, तर दुसऱ्या कंपनीकडे जा.